वहीतलं वाक्य कुणाचं : वाङ्मयचौर्याच्या एका प्रकरणाचा अभ्यास

हे प्रकरण खानदेशातल्या एका महाविद्यालयात घडलं. संबंधित विद्यार्थिनीच्या परवानगीने ते लिहीत आहे. तिचं नाव, गाव, महाविद्यालय आणि वर्ष मुद्दाम दिलेलं नाही. मी तिची मार्गदर्शक होते, त्यामुळे या प्रकरणात माझाही वाटा आहे. तो जिथे येतो तिथे सांगितला आहे.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी एम. ए. भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला होती. घर साक्री तालुक्यात, वडिलांची शेती पांझरेच्या काठाला. लघुप्रबंधासाठी तिने विषय निवडला तो फड पद्धतीचा. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा आणि त्या पाटाने भिजणारं सगळं क्षेत्र, म्हणजे थळ, तीन-चार फडांत वाटायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पीक फिरवायचं. पाणी सोडायला पाटकरी आणि पिकाची राखण करायला जागल्या, हे शेतकऱ्यांनीच नेमायचे. धुळे जिल्ह्यात पांझरेवर ही पद्धत काही शतकं चालत आली.

विषय तिच्या अंगणातला होता. आजोबांच्या वयाच्या पाटकऱ्यांशी ती अहिराणीत बोलायची. शहरातून गेलेल्या कुठल्याही संशोधकाला जे सांगितलं गेलं नसतं, ते तिला सांगितलं जायचं. पहिलं प्रकरण तिने माझ्याकडे आणलं तेव्हा त्यात एक वाक्य होतं. थळाची हद्द कशी ठरते असं विचारल्यावर एका म्हाताऱ्या पाटकऱ्याने उत्तर दिलं होतं, "पानी जठलोंग जास, तठलोंग थळ." व्याख्या म्हणून मला ते पुस्तकांतल्या व्याख्यांपेक्षा आवडलं आणि मी तिला तसं सांगितलंही.

लघुप्रबंध मराठीत होता, साधारण १८,००० शब्दांचा. एप्रिलमध्ये तिने तो सादर केला. नियमाप्रमाणे ग्रंथालयाने साम्य तपासणीच्या सॉफ्टवेअरमधून तो काढला आणि अहवालात आकडा आला १६ टक्के.

अडचण

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी साम्याच्या पायऱ्या दिल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात आणि त्याला शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० मध्ये सुधारित प्रबंध द्यायलाच एक वर्ष बंदी, आणि ६० च्या वर गेलं की नोंदणी रद्द. संदर्भसूची, ऋणनिर्देश, अवतरणचिन्हांत नीट श्रेय देऊन घेतलेला मजकूर, हे मोजणीतून वगळायचं असतं.

१६ म्हणजे दुसरी पायरी. विभागप्रमुखांनी प्रकरण विभागीय समितीकडे ठेवलं. तिघांची समिती होती. विभागप्रमुख अध्यक्ष, दुसऱ्या विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक आणि सॉफ्टवेअरची माहिती असलेले एक सदस्य. समितीने तिला सात दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगितलं.

ती माझ्याकडे आली ती अहवालाची छापील प्रत घेऊनच. दुसऱ्या प्रकरणाची पानंच्या पानं लाल-पिवळी झाली होती. ती म्हणाली, "मॅडम, हे मी कुठूनच उचललेलं नाही हो. हे माझ्या नोट्समधलं आहे."

तिला स्वतःला हे वाक्य खरं वाटत होतं आणि तेच माझ्या मनात राहिलं. अहवालात सरळ दिसत होतं की नऊ उतारे एका शोधनिबंधातले आहेत आणि दोन दुसऱ्या एका लेखातले. मिळून साधारण १,६०० शब्द, म्हणजे ९ टक्के. उरलेले ७ टक्के बारीकसारीक तुकड्यांचे होते. तालुक्यांची नावं, जनगणनेच्या तक्त्यांची भाषा, सिंचनाच्या ठरीव शब्दजोड्या. त्या ७ टक्क्यांची मला काळजी नव्हती. पण नऊ आणि दोन अकरा उतारे, तेही वाक्यामागून वाक्य तसेच्या तसे. हे "नोट्समधलं" कसं झालं?

चूक कुठे घडली

मी तिला सगळं सामान आणायला सांगितलं. वही, मोबाइल, जुन्या फाइली, जे असेल ते. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन आली. आम्ही दोघी विभागाच्या टेबलावर दुपारभर बसलो आणि एकेका उताऱ्याचा माग काढला.

वही दोनशे पानी, फुलस्केप. मुलाखतीच्या नोंदी आणि ग्रंथालयातल्या नोंदी एकाच वहीत, एकाच निळ्या पेनाने, एकापुढे एक. तो शोधनिबंध ज्या जुन्या अंकात होता तो घरी न्यायला मिळत नव्हता. साक्रीकडची एसटी गाठायची म्हणून ती दुपारी चार वाजता ग्रंथालयातून उठायची, तोवर जेवढं उतरवता येईल तेवढं उतरवून घ्यायची. नोंदींच्या पहिल्या पानावर वर लेखकाचं आडनाव आणि पान क्रमांक लिहिलेला होता. त्याच्याखाली अवतरणचिन्ह उघडलेलं होतं. पान उलटलं की पुढच्या पानावर मजकूर चालूच, पण वर ना नाव, ना पान क्रमांक. उघडलेलं अवतरणचिन्ह कुठे मिटलंय ते आम्ही शोधलं. कुठेच मिटलं नव्हतं. सहाव्या पानावर एकदम पाटकऱ्याची मुलाखत सुरू होत होती, मध्ये एक ओळ सोडून.

पुढची गोष्ट मला माहीत नव्हती. रात्री घरी गेल्यावर ती वही समोर धरून मोठ्याने वाचायची आणि मोबाइलवर बोलून टाइप करायची. हाताने मराठी टाइप करायला वेळ लागतो, त्यापेक्षा बोललेलं बरं. पण बोलताना अवतरणचिन्ह कोण उच्चारतं? वहीत जिथे अर्धं का होईना चिन्ह होतं, तेही फाइलीत आलं नाही. आडनाव आणि पान क्रमांक तिने वाचलाच नाही, कारण तो "मजकूर" नव्हता. फाइलीला नाव दिलं होतं "माझ्या नोंदी २". चार महिन्यांनी प्रकरण लिहायला बसल्यावर तिने ती फाइल उघडली. तिच्याच आवाजातून उतरलेला, तिच्याच नावाच्या फाइलीतला मजकूर. मुलाखती आणि पुस्तकं त्यात अशी मिसळली होती की कुठे सांधा आहे ते तिला दिसलंच नाही.

इथे माझी चूक सांगते. प्रत्येक प्रकरण मी वाचलं, शुद्धलेखन दुरुस्त केलं, नकाशे बदलायला लावले. नोंदवही एकदाही मागितली नाही. दुसऱ्या प्रकरणात तिची भाषा अचानक घोटीव झाली होती. "सामुदायिक व्यवस्थापनाची अंगभूत शिस्त" अशी शब्दरचना तिच्या तोंडी कधी नव्हती. मला ते वाचताना जाणवलं होतं आणि मी ते प्रगती समजून खूश झाले होते.

तिसऱ्या दिवशी सापडलेली गोष्ट

माग काढायचं काम तिने घरी चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. अहवालात नसलेले आणखी तीन उतारे तिला सापडले होते. ते एका जुन्या पुस्तिकेतले होते. ती पुस्तिका कागदावरच आहे, इंटरनेटवर कुठेच नाही, म्हणून सॉफ्टवेअरला ती दिसायचा प्रश्नच नव्हता. तिन्ही मिळून ३८० शब्द. प्रबंधाच्या मानाने जेमतेम २ टक्के.

दोन उतारे इतरांसारखेच होते. तिसरा वेगळा होता. पुस्तिकेतला साठ शब्दांचा परिच्छेद वहीत मुलाखतीच्या अगदी वर होता, आणि फाइलीत तो मुलाखतीला चिकटला होता. लघुप्रबंधात तो "पाटकऱ्याने दिलेल्या माहितीनुसार" या शब्दांनी सुरू होत होता. म्हणजे छापील पुस्तकातलं म्हणणं एका जिवंत माणसाच्या तोंडी घातलं गेलं होतं, त्याने ते कधीच म्हटलेलं नसताना.

फोनवर ती रडत नव्हती. आवाज बारीक झाला होता. ज्या पाटकऱ्याच्या तोंडी तो परिच्छेद गेला होता त्यांना ती आबा म्हणायची. "मॅडम, बाकीचं मी लेखकाचं घेतलं. हे तर मी आबांच्या नावावर खोटं लिहिलं."

समोरचे पर्याय

आता पत्र लिहायला चार दिवस उरले होते. या चार दिवसांत जे पर्याय चर्चेला आले ते खरे होते, त्यातला कुठलाच वेडगळ नव्हता, म्हणून सविस्तर सांगते.

पहिला पर्याय तिच्या वर्गातल्या मुलांनी सुचवला. विनियमांत सर्वसामान्य माहितीच्या किंवा योगायोगाने जुळणाऱ्या शब्दांसाठी सलग १४ शब्दांपर्यंतची सूट आहे. ग्रंथालयाने अहवाल काढताना बारीक जुळण्या वगळण्याचं सेटिंग लावलं नव्हतं. ते लावून पुन्हा काढला तर ७ टक्क्यांचे तुकडे जवळपास सगळे गळून आकडा ९ वर येणार होता. ९ म्हणजे १० च्या आत. शिक्षा नाही, प्रकरण बंद. समितीला पत्रात एवढंच लिहायचं की अहवाल योग्य सेटिंगने पुन्हा काढावा.

खरं सांगते, पहिल्या दोन दिवसांत माझाही कल याकडेच होता. ही मागणी नियमाला धरून होती आणि कुठल्याही विद्यार्थ्याला ती करायचा हक्क आहे. पण तीन उतारे सापडल्यावर हिशेब बदलला. ९ आणि २ मिळून ११. जे सॉफ्टवेअरला दिसतं त्यानुसार ती सुटते, आणि जे तिला माहीत आहे त्यानुसार सुटत नाही.

दुसरा पर्याय घरच्यांचा. काकांचं म्हणणं, माफीचं पत्र लिहावं, घरची परिस्थिती सांगावी, एसटीचा प्रवास, शेतातलं काम, वडिलांचं आजारपण. तिने या धर्तीचा एक मसुदा लिहून आणलाही होता. त्यात "कळत-नकळत", "अनवधानाने" आणि "पहिलीच वेळ" हे शब्द चार-चारदा होते, पण कुठला उतारा कुठल्या पानावर कसा आला याबद्दल एक ओळ नव्हती. समितीला तो वाचून तिची दया आली असती, पण निर्णय करायला त्यात काहीच नव्हतं. शिवाय विनियमांतली पायरी साम्याच्या प्रमाणावरून ठरते, हेतूवरून नव्हे. "मुद्दाम केलं नाही" म्हटल्याने ११ चे ९ होत नाहीत. पत्राचा उपयोग वेगळा होता. नेमकं काय झालं, काय दुरुस्त करायचंय आणि त्याला किती वेळ लागेल, हे समितीला कळणं.

तिसरा पर्याय म्हणजे मी पत्र लिहून द्यावं. तिने तसं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर दिल्याबद्दलच्या खुलाशात पुन्हा दुसऱ्याचेच शब्द असणं मला पटेना. मी मसुदा वाचून प्रश्न विचारेन, वाक्य एकही सुचवणार नाही, असं ठरलं.

चौथा पर्याय सगळं सांगण्याचा. अहवालात असलेलं आणि नसलेलंही. याचा परिणाम काय होऊ शकतो ते मी तिला स्पष्ट सांगितलं. निकाल लांबेल. त्या वर्षीच्या पुढच्या प्रवेशांचे अर्ज हुकतील. मुलाखतीचा भाग समितीने गंभीरपणे घेतला तर ते साम्याच्या पायऱ्यांच्या पलीकडचं प्रकरण होऊ शकतं, कारण ते माहितीच्या खरेपणाबद्दल आहे. मी तिला काय कर ते सांगितलं नाही. एक रात्र विचार कर म्हटलं. ती म्हणाली, "आबा मला रोज पाटावर दिसतात, मॅडम."

पत्र

तिचं पत्र दीड पानाचं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून ते जवळजवळ पूर्ण देते.

मा. अध्यक्ष व सदस्य,
विभागीय समिती.

विषय : लघुप्रबंधातील साम्याबाबत खुलासा.

महोदय,

माझ्या लघुप्रबंधाच्या अहवालात १६ टक्के साम्य आले आहे. त्यातील अकरा उतारे दुसऱ्यांच्या लेखनातले आहेत. ते मी अवतरणचिन्हे व संदर्भ न देता वापरले. ही चूक माझी आहे.

ती अशी झाली. मी ग्रंथालयात बसून शोधनिबंधातील वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवली. लेखकाचे नाव पहिल्या पानावर लिहिले, पुढच्या पाच पानांवर लिहिले नाही. अवतरणचिन्ह सुरू केले, बंद केले नाही. नंतर वही वाचून मोबाइलवर बोलून टाइप केले, त्यात चिन्हे व नावे गळाली. चार महिन्यांनी लिहिताना हा मजकूर माझा की लेखकाचा हे मी तपासले नाही. तपासायला वही माझ्याकडेच होती. वहीची मूळ पाने व मोबाइलवरील फाइल सोबत जोडली आहे. प्रत्येक उतारा प्रबंधात कोणत्या पानावर, वहीत कोणत्या पानावर व मूळ लेखात कोणत्या पानावर आहे याचा तक्ता दिला आहे.

अहवालात न आलेले आणखी तीन उतारे मला सापडले. ते एका जुन्या पुस्तिकेतील आहेत. तक्त्यात ते १२, १३ व १४ क्रमांकावर आहेत. त्यातील १४ क्रमांकाचा परिच्छेद मी पाटकऱ्याची माहिती म्हणून लिहिला आहे. ती त्यांची माहिती नाही. त्यांनी ते सांगितलेले नाही. वहीत पुस्तिकेची नोंद व त्यांची मुलाखत एकाखाली एक होती आणि मी दोन्ही एकच समजले. ही चूक मला सर्वांत मोठी वाटते, कारण लेखकाला स्वतःचे लेखन ओळखता येते, पण आबांना माझा प्रबंध वाचता येणार नाही.

अहवालातील बारीक जुळण्या वगळून तपासणी केल्यास आकडा कमी होईल असे मला समजले आहे. त्याबाबत समिती ठरवेल ते मला मान्य आहे. परंतु वरील तीन उतारे त्या आकड्यात धरावेत.

दुसरे प्रकरण पुन्हा लिहिण्यास, सर्व मुलाखतींच्या नोंदी वहीशी ताडून पाहण्यास आणि संबंधित मुलाखत पुन्हा घेण्यास मला तीन महिने लागतील. तेवढी मुदत मिळावी ही विनंती.

आपली विश्वासू.

पहिल्या मसुद्यातलं घरचं सगळं तिने स्वतःहून काढलं होतं. मी एकच प्रश्न विचारला होता, एसटीचा उल्लेख ठेवायचा का. ती म्हणाली, एसटीमुळे घाई झाली हे खरं, पण चार महिन्यांनी लिहिताना कुठलीच एसटी गाठायची नव्हती.

समितीपुढे

मी मार्गदर्शक असल्याने सुनावणीत बोलायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. मागच्या खुर्चीवर बसले. समितीने तिला पाऊण तास विचारलं.

दुसऱ्या विभागातल्या प्राध्यापकांचा प्रश्न अपेक्षित होता. "तू हे कॉपी करून चिकटवलं नाहीस कशावरून?" तिने वही पुढे केली. पण वहीपेक्षा वेगळ्याच गोष्टीने तो मुद्दा मिटला. सॉफ्टवेअरवाल्या सदस्यांनी प्रबंधातले उतारे आणि मूळ लेख ओळीला ओळ लावून पाहिले होते. मूळ लेखात जिथे "सांडवा" होतं तिथे प्रबंधात "सांडावा". मूळ "पाटचारी", प्रबंधात "पाठचारी". "फड" दोन ठिकाणी "फळ" झालेला. हे बोलून टाइप करताना मोबाइलने चुकीचं ऐकल्याचे ठसे. कॉपी-पेस्ट केलेल्या मजकुरात असे शब्द बदलत नाहीत, तो मुळाबरहुकूम येतो. शिवाय "माझ्या नोंदी २" या फाइलीत नेमक्या त्याच चुका त्याच जागी होत्या. मी तीच प्रकरणं शुद्धलेखनासाठी वाचली होती, आणि "पाठचारी" माझ्या नजरेतून सुटला होता.

यावरून मुद्दाम केलं नाही हे पूर्ण सिद्ध होतं असं मी म्हणणार नाही. वहीत मुद्दाम अर्धवट नोंद करणंही शक्य असतं. पण मजकूर कुठल्या वाटेने आला, हे तिने पत्रात सांगितलेल्या वाटेशी जुळत होतं. सुटू शकत असताना तिने स्वतःहून तीन उतारे पुढे ठेवले होते, त्याचीही समितीने नोंद घेतली.

१४ क्रमांकावर मात्र समितीत मतभेद झाले. एका सदस्याचं म्हणणं, मुलाखतच नसलेली माहिती मुलाखत म्हणून देणं हे वेगळ्या कलमाखाली घ्यावं. अध्यक्षांनी तिच्याकडून उरलेल्या सर्व मुलाखतींच्या नोंदी मागवल्या आणि प्रबंधात आलेली प्रत्येक मुलाखत वहीशी ताडून पाहिली. एकूण अकरा मुलाखती होत्या. दहा जुळल्या. म्हणून हा प्रकार एका जागेपुरता आहे असं समितीने मानलं.

निकाल

समितीने अहवाल ४५ दिवसांच्या मुदतीत पुढे पाठवला. बारीक जुळण्या वगळून आणि तीन उतारे धरून साम्य ११ टक्के मानलं, म्हणजे पायरी तीच राहिली. सुधारित लघुप्रबंधासाठी तीन महिने दिले. मुलाखत पुन्हा घेऊन त्याची तारीख आणि ठिकाण परिशिष्टात द्यायला सांगितलं. विभागाला वेगळी सूचना झाली, मार्गदर्शकाने प्रत्येक प्रकरणासोबत मूळ नोंदी पाहिल्याची सही करावी. ती सूचना माझ्यामुळे झाली आणि ती योग्य होती.

तिचा निकाल एका सत्राने लांबला. त्या वर्षीचा बी.एड. प्रवेश हुकला आणि तो तिने पुढच्या वर्षी घेतला. घरात यावरून बरंच ऐकावं लागलं. "९ वर सुटत होती, स्वतःच्या हाताने ११ केलं" हे वाक्य तिच्या काकांनी माझ्यासमोर म्हटलं. मला त्याचं उत्तर देता आलं नाही, कारण हिशेब बरोबर होता.

आज हे प्रकरण पुन्हा माझ्यापुढे आलं तर

नोंदी कशा घ्यायच्या हे मी आता पहिल्या महिन्यातच बसून शिकवते. उतरवून घेतलेलं वाक्य हिरव्या शाईने, स्वतःचं निळ्या. रंग पान उलटल्यावरही टिकतो, अवतरणचिन्ह टिकत नाही. वहीच्या प्रत्येक पानावर, मजकूर मागून चालू असला तरी, लेखक आणि पान क्रमांक पुन्हा लिहायचा. मुलाखतीसाठी वही वेगळी. आणि बोलून टाइप करायचं असेल तर प्रत्येक उतरवलेल्या तुकड्याआधी "लेखक अमुक, पान तमुक, सुरू" आणि शेवटी "संपलं" असं मोठ्याने बोलायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण फाइलीत ते शब्द राहतात आणि सांधा दिसतो.

साम्य तपासणी सादर करण्याआधी करायला हवी होती, हे तर आहेच. मात्र त्याने तीन उतारे सापडले नसते. ते वहीतूनच सापडले. मराठीत ही अडचण मोठी आहे, कारण आपल्याकडचं कितीतरी लेखन अजून कागदावरच आहे, आणि अहवाल कोरा आला की आपण निर्धास्त होतो.

सुनावणीबाबत मी आज एक गोष्ट बदलेन. पत्र लिहिताना मी चार दिवस तिच्यासोबत होते, पण सुनावणीत बोलायला ती एकटीच होती. सोबत बोलू शकेल असं विभागाबाहेरचं कुणीतरी तिला हवं होतं. तिला ते मागता येतं हेच माहीत नव्हतं आणि मलाही सुचलं नाही.

पुन्हा घेतलेली मुलाखत

जुलैमध्ये पाऊस लागल्यावर आम्ही दोघी पांझरेच्या काठावर गेलो. आबा पाटावर होते, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, हातात कुदळ. तिने खाली बसून त्यांना तो साठ शब्दांचा परिच्छेद वाचून दाखवला आणि हे तुमच्या नावाने लिहिलं गेलं होतं असं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग मान हलवली.

"हाई मन्हं बोलनं नही," ते म्हणाले.

नंतर त्यांनी कुदळ बाजूला ठेवली आणि पाळी चुकवून पाणी घेणाऱ्याला पूर्वी काय करत, ते सांगायला सुरुवात केली. तिने नवी वही उघडली, वर तारीख लिहिली, नाव लिहिलं. पान भरल्यावर उलटलं आणि दुसऱ्या पानावरही आधी नाव लिहिलं.